पंधरा पौंड म्हणजे किती अंश?

लॅबमध्ये ऑटोक्लेव्ह लावणाऱ्या मावशींना किंवा मामांना विचारा, की मशीन कसं लावता? बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येतं : ‘पंधरा पौंडावर पंधरा मिनिटं.’ मशीनशेजारच्या भिंतीवर चिकटवलेल्या मराठी सूचनेतही तेच असतं. मूळ इंग्रजी सूचनेत मात्र आधी तापमान असतं, १२१ अंश सेल्सिअस, मग वेळ, आणि दाब असलाच तर कंसात. मराठीत येताना कंसातली गोष्ट पुढे आली आणि तापमान गळून गेलं. याचं कारणही उघड आहे. जुन्या उभ्या ऑटोक्लेव्हच्या झाकणावर ठळक दिसणारा काटा दाबाचा असतो, आणि माणूस दिसतं ते लिहितो.

पण जंतू मरतात ते दाबाने नव्हे, ओल्या उष्णतेने. पाणी १०० अंशांना उकळतं. वाफ त्याहून गरम करायची तर ती कोंडावी लागते, एवढ्यापुरताच दाबाचा उपयोग. भांड्यात निव्वळ वाफ असेल तर १५ पौंडांवर १२१ अंश मिळतात. हवा शिल्लक राहिली तर हे गणित बिघडतं, कारण काटा वाफेचा आणि हवेचा दाब एकत्रच दाखवतो. निम्मी हवा आत राहिली तर काटा १५ वर असताना आतलं तापमान असतं ११२ च्या आसपास.

नऊ अंशांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. हिशेब करून पाहू. वाफेच्या निर्जंतुकीकरणात साधारण नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरलं की मारण्याचा वेग दहापट कमी होतो. त्यामुळे ११२ अंशांवरची १५ मिनिटं म्हणजे १२१ अंशांवरची दोन मिनिटंसुद्धा नव्हेत. ऑटोक्लेव्हच्या चाचणीला ‘जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू वापरतात. उष्णतेला ते फार चिवट असतात. १२१ अंशांवर त्यांच्यातले दहापैकी नऊ मरायला दीड मिनिट लागतं असं धरलं, तर सुरुवातीच्या १० लाखांपैकी पन्नास हजारांवर बीजाणू या ‘पंधरा पौंडावर पंधरा मिनिटं’ चक्रातून जिवंत बाहेर पडतात. काटा बरोबर, घड्याळ बरोबर आणि माल कच्चा.

म्हणून मराठी कार्डावर पहिली ओळ तापमानाची हवी, आणि तापमापी किंवा डिस्प्ले नेमका कुठे पाहायचा तेही तिथेच लिहायला हवं. दाब दुसऱ्या ओळीत, पडताळा म्हणून. काटा १५ वर आणि तापमान ११२ वर, असं दिसलं तर आत हवा अडकली आहे हे चालवणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. तापमान दिसतच नसेल अशा मशीनवर हा पडताळा घेता येत नाही. तिथे हवा काढण्याची पायरी अक्षरशः जिवाची ठरते.

याच पायरीवर मराठी सूचना सगळ्यात जास्त घोटाळा करतात. सुरुवातीला व्हॉल्व्ह उघडा ठेवून आतली हवा बाहेर जाऊ द्यायची असते. शेवटी तोच व्हॉल्व्ह उघडून वाफ सोडायची असते. मी पाहिलेल्या कित्येक कागदांवर दोन्हीकडे ‘वाफ सोडा’ असंच लिहिलेलं होतं. चालवणाऱ्याला पहिली ‘वाफ सोडा’ निरर्थक वाटते. आत्ताच तर वाफ धरायला लागली, ती घालवायची कशाला? मग तो व्हॉल्व्ह लवकर बंद करतो. कुकरला वाफेचा जोरदार झोत आल्याशिवाय शिट्टी लावायची नाही, हे घरात ज्याला ठाऊक आहे त्याला ही गोष्ट एका वाक्यात पटते. तेव्हा पहिल्या ठिकाणी लिहावं : ‘हवा काढा. व्हॉल्व्हमधून वाफेचा सलग झोत येऊ लागल्यावरही मशीनच्या पुस्तकात दिली असतील तेवढी मिनिटं तो उघडाच ठेवा, मग बंद करा.’ आणि शेवटी : ‘वाफ सोडा.’ आत मीडियाच्या बाटल्या असतील तर त्यापुढे : ‘वाफ सोडू नका. काटा आपोआप शून्यावर येईपर्यंत थांबा.’ दाब एकदम उतरवला तर बाटलीतला मीडिया उसळून बाहेर येतो, काच फुटते, हात भाजतो.

इंग्रजीतल्या ‘होल्डिंग टाइम’ला ‘धारणकाळ’ म्हणता येतं, पण तो वाचून घड्याळ कधी लावायचं ते कुणालाच कळत नाही. ‘१२१ ला पोचल्यानंतरची १५ मिनिटं’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. ही मिनिटंही सामानाप्रमाणे बदलतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत साध्या, म्हणजे व्हॅक्युम नसलेल्या ऑटोक्लेव्हसाठी १२१ अंशांवर किमान ६० मिनिटं सांगितली आहेत, कारण गच्च भरलेल्या पिशवीच्या पोटापर्यंत वाफ पोचायला वेळ लागतो. मीडियाची आणि कचऱ्याची कार्डं म्हणूनच वेगळी असावीत, वेगळ्या रंगाची असली तर उत्तम.

आता ‘व्हॅलिडेशन’. यासाठी वैधता, प्रमाणीकरण, विधिग्राह्यता असे शब्द सुचवले जातात. लॅबमध्ये सगळे व्हॅलिडेशनच म्हणतात, आणि माझ्या मते तो शब्द तसाच ठेवावा. खाली मराठीत अर्थ द्यावा : ‘हे मशीन, या सामानासह, या सेटिंगवर दर वेळी जंतू मारतं, हे मोजून सिद्ध करणं.’ यातलं ‘या सामानासह’ महत्त्वाचं. रिकाम्या मशीनवर केलेली चाचणी भरलेल्या मशीनबद्दल काही सांगत नाही.

चाचणीची कुपी कुठे ठेवायची, यासाठी इंग्रजीत ‘कोल्ड स्पॉट’ म्हणतात. त्याचं ‘थंड जागा’ केलं की माणूस दाराजवळची जागा शोधतो. लिहावं ‘सगळ्यात उशिरा तापणारी जागा’, आणि पुढे उदाहरण द्यावं : सर्वांत मोठ्या पिशवीच्या मधोमध. ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळे पट्टे उमटले म्हणजे काम झालं, असाही समज पक्का आहे. ती टेप पाकिटाच्या बाहेर असते. पाकीट मशीनमधून जाऊन आलं, इतकंच ती सांगते, त्याच्या पोटात काय झालं ते नाही.

कुपीचा निकाल रजिस्टरमध्ये लिहिताना ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ हे शब्द टाळावेत. रक्ताच्या तपासण्या करणाऱ्या माणसाच्या मनात त्यांचे अर्थ आधीच ठरलेले असतात, आणि ‘पॉझिटिव्ह’ वाचून कुणी ‘पास’ समजू शकतं. रकान्यात ‘वाढ झाली’ किंवा ‘वाढ नाही’ एवढंच असावं. नेहमीच्या कुप्यांतला द्रव जांभळा असतो. ५५ ते ६० अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवल्यावर तो पिवळा झाला म्हणजे बीजाणू जगले, म्हणजे चक्र फसलं. मात्र त्याच खोक्यातली, ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली एक कुपी सोबत ठेवलेली असते, आणि ती पिवळी व्हायलाच हवी. तीही जांभळीच राहिली तर कुप्यांतले बीजाणू आधीच मेलेले होते किंवा इनक्युबेटर बिघडलेला आहे, आणि ‘वाढ नाही’ या निकालाला काही किंमत उरत नाही. ‘कंट्रोल’ या रकान्याचं नाव म्हणून मी ‘न तापवलेली कुपी’ असंच सुचवतो. ते लांब आहे, पण रात्रपाळीला नव्याने आलेल्या माणसाला तिच्याकडून काय अपेक्षित आहे ते विचारावं लागत नाही.

तापवलेल्या कुपीसमोर ‘वाढ झाली’ आलं तर पुढे काय करायचं, ते त्याच पानावर छापावं : मशीनवर ‘वापरू नका’ची पाटी लावा, ते सामान बाजूला काढा, मागच्या चांगल्या चाचणीनंतरचे सगळे लोड शोधा, आणि पर्यवेक्षकांना लगेच फोन करा.