पाकिटाची पुढची बाजू, पाकिटाची मागची बाजू

कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर ‘नो अ‍ॅडेड प्रिझर्व्हेटिव्हज’ असे ठळक छापलेले असते आणि ते बहुधा खरेही असते. पण मग ते लोणचे वर्षभर टिकते कसे? मिठामुळे आणि तेलामुळे. भारताच्या 2011 च्या अन्न नियमांत परिरक्षकांचे दोन वर्ग आहेत. मीठ, साखर, व्हिनेगर, खाद्यतेल आणि मसाले पहिल्या वर्गात येतात, तर सोडियम बेंझोएटसारखी रसायने दुसऱ्या. पाकिटावरचे आश्वासन या दुसऱ्या वर्गापुरतेच असते.

समजा, बरणीच्या मागच्या तक्त्यात 100 ग्रॅममागे 4000 मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते, म्हणजे इथे 10 ग्रॅम. जेवताना 15 ग्रॅम लोणचे घेतले, तर दीड ग्रॅम मीठ पोटात गेले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. रक्तदाब असलेल्या माणसाला बेंझोएटपेक्षा या मिठाची काळजी जास्त करायला हवी, आणि त्याबद्दल पुढची बाजू गप्प असते. घटकांच्या यादीत ‘आयएनएस 211’ दिसले तर ते सोडियम बेंझोएट आणि 202 म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट. दावा करूनही हे आकडे यादीत असतील, तर तो दावा खोटा.

‘लो फॅट’ला मात्र नेमकी मर्यादा आहे. एफएसएसएआयच्या 2018 च्या नियमांनुसार घन पदार्थात 100 ग्रॅममागे 3 ग्रॅमपेक्षा जास्त आणि पेयात 100 मिलिलिटरमागे दीड ग्रॅमपेक्षा जास्त स्निग्धांश चालत नाही. साखरेबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. स्निग्धांश काढला की चव उतरते आणि ती बऱ्याचदा साखरेने भरून काढली जाते. म्हणून फळांच्या स्वादाचे लो फॅट दही घेताना तक्त्यातली ‘अ‍ॅडेड शुगर’ची ओळ वाचा. तिथे 8 ग्रॅम असतील, तर 100 ग्रॅमच्या कपात वरून घातलेली दोन चमचे साखर आहे. दुधाची मूळची साखर वेगळी.

‘नॅचरल’ हा सगळ्यात सैलपणे वापरला जाणारा शब्द, पण त्याचाही नियम कडक आहे. ज्यात दुसरे काहीही मिसळलेले नाही, अशा एकाच पदार्थाला तो लावता येतो. भाजणे, वाळवणे, गोठवणे, पाश्चरीकरण अशा प्रक्रिया त्यात चालतात. अनेक घटकांच्या पदार्थाला फार तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेला’ म्हणता येते आणि तेही प्रत्येक घटक या कसोटीला उतरला तरच. शब्द ब्रँडच्या नावातच असेल, तर ते केवळ नाव आहे असा खुलासा पाकिटावर द्यावा लागतो. तो जरूर शोधा.

पुढे ‘नॅचरल’ आणि मागे स्वाद, रंग, साखर यांची यादी असे पाकीट मिळाले, तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर तक्रार नोंदवा.