‘तेंगो’मधला ‘ग’

स्पॅनिशमध्ये ‘मी’ हा शब्द बहुतेक वेळा उच्चारावाच लागत नाही. क्रियापदाच्या शेवटचा ‘ओ’ ऐकला की बोलणारा स्वतःबद्दल बोलतोय हे कळतं. आब्लार म्हणजे बोलणं, तर आब्लो म्हणजे मी बोलतो. कोमेर म्हणजे खाणं, कोमो म्हणजे मी खातो. बोलणारा पुरुष असो की बाई, रूप तेच. इतकी सोपी रचना पाहून नवा विद्यार्थी खूश होतो, आणि मग त्याला भूक लागते. ‘मला भूक लागली’ हे स्पॅनिशमध्ये ‘माझ्याकडे भूक आहे’ असं म्हणतात. ‘जवळ असणं’ म्हणजे तेनेर, मग मी म्हणायचं तेनो? नाही. तेंगो आंब्रे.

हा ‘ग’ आला कुठून, हा प्रश्न विचारलात तर पाठांतराचं अर्धं ओझं उतरतं. पुस्तकांत ही रूपं ‘अनियमित’ म्हणून मागच्या तक्त्यात टाकलेली असतात, आणि वर्णानुक्रमे पाठ करायला लावतात. तो मार्ग मला चुकीचा वाटतो. वर्णानुक्रमात यांचं एकमेकांशी असलेलं नातं दिसतच नाही.

रोजच्या वापरातली ‘गो’ची रूपं जेमतेम दहा आहेत, आणि त्यांची तीन घराणी पडतात. ज्यांच्या मुळाशी ‘न’ किंवा ‘ल’ आहे, त्यांना नुसता ‘ग’ जोडला जातो: तेंगो (माझ्याकडे आहे), बेंगो (मी येतो), पोंगो (मी ठेवतो), साल्गो (मी बाहेर पडतो), बाल्गो (माझी किंमत आहे). ज्यांचं मूळ स्वरावर संपतं, ते ‘इगो’ घेतात: काइगो (मी पडतो), त्राइगो (मी आणतो), ओइगो (मी ऐकतो). उरलेल्या दोघांत मुळातल्या ‘स’चाच ‘ग’ होतो: आसेरचं आगो (मी करतो) आणि देसिरचं दिगो (मी सांगतो). पाच, तीन, दोन. यांच्यापासून उपसर्ग लागून बनलेली क्रियापदंही याच वळणावर जातात. तेनेरपासून मांतेनेर (टिकवणं) झालं, म्हणून त्याचं मांतेंगो. ते वेगळं पाठ करायला नको.

पण हा ‘ग’ फक्त ‘मी’ला का? आगो म्हणायचं, मात्र ‘तू करतोस’ला आसेस, ‘तो करतो’ला आसे. इथे मराठी माणसाला आपल्याच भाषेची मदत आहे. ‘माझा’ आणि ‘माझी’ मोठ्याने म्हणून पाहा. लिहितो एकच ‘झ’, पण ‘माझा’ म्हणताना जीभ दातांकडे जाते आणि ‘माझी’ म्हणताना टाळूकडे. पुढे ‘आ’ आहे की ‘ई’, यावर आधीच्या व्यंजनाचा उच्चार ठरतो. लॅटिनची स्पॅनिश होताना असंच काहीसं घडलं. ‘मी सांगतो’ला लॅटिनमध्ये दीको होतं. पुढे ‘ओ’ असल्यामुळे त्यातला ‘क’ कठोर राहिला आणि सैल होऊन ‘ग’ झाला, म्हणून दिगो. ‘तू सांगतोस’ या रूपात पुढे ‘इ’ होता. त्याने तोच ‘क’ मऊ केला, म्हणून आजचं दीसेस.

सगळ्या दहांचा इतिहास इतका सरळ नाही. लॅटिनमधल्या तेनेओत ‘ग’ मुळीच नव्हता. तो इतर ‘ग’वाल्या क्रियापदांच्या संगतीने चिकटला. आगोही दिगोच्या वळणावर गेलं. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘मी ऐकतो’ला ओयो आणि ‘मी पडतो’ला कायो म्हणत, त्यांच्यात ‘ग’ नंतर शिरला. म्हणजे लोकांच्या कानाला ‘मी’च्या रूपात ‘ग’ हवासा वाटू लागला आणि एकाचं पाहून दुसऱ्याने तो घेतला.

आता खरा लाभ. इच्छा, विनंती, शंका, मनाई यांसाठी स्पॅनिशमध्ये वेगळी रूपं असतात. त्यांना सब्जंक्टिव्ह म्हणतात, आणि विद्यार्थी सर्वांत जास्त घाबरतात ते यांनाच. सालिर (बाहेर पडणं) किंवा आसेरसारख्या क्रियापदांत या रूपांच्या शेवटी ‘आ’ येतो. ‘ओ’पुढे जे टिकलं, ते ‘आ’पुढेही टिकलं. म्हणून ‘मी’च्या रूपातला ‘ओ’ काढून ‘आ’ लावला की सब्जंक्टिव्ह तयार.

सालिर घेऊन पाहा. साधा वर्तमान: साल्गो, सालेस, साले, सालिमोस, सालीस, सालेन. ‘ग’ एकदाच. सब्जंक्टिव्ह: साल्गा, साल्गास, साल्गा, साल्गामोस, साल्गाइस, साल्गान. ‘ग’ सहाही ठिकाणी. वर्तमानाची सहा रूपं वरच्या ओळीत आणि ही सहा खालच्या ओळीत लिहा, ‘ग’ असलेले चौकोन रंगवा. वरचा डावा चौकोन आणि खालची सबंध ओळ रंगते. इंग्रजी एल अक्षर उमटतं. मार्टिन मेडन या भाषाशास्त्रज्ञांनी या रचनेला एल-आकृती असंच नाव दिलं आहे. आता कुणाला ‘बाहेर पडू नकोस’ म्हणायचं तर नो साल्गास. ‘या’ असं आदराने म्हणायचं तर बेंगा. स्पेनमध्ये फोन उचलल्यावर ‘दिगा’ म्हणतात, ‘बोला’ या अर्थी. तेही दिगोचंच अपत्य.

चूक ओळखायची खूणही यातच आहे. नवशिक्या उत्साहाने ‘तेंगेमोस’ किंवा ‘साल्गेस’ म्हणून जातो. या दहा क्रियापदांच्या वर्तमानकाळात ‘ग’च्या पुढे ‘ए’ किंवा ‘इ’ आला, तर रूप चुकलं असं खुशाल समजा. ‘ग’ला पुढे ‘ओ’ किंवा ‘आ’ लागतो.

कोनोसेर (ओळखणं) याचं कोनोस्को, पारेसेर (दिसणं, वाटणं) याचं पारेस्को, त्रादुसिर (भाषांतर करणं) याचं त्रादुस्को, ही रूपंही याच आकृतीची. फक्त ‘ग’ऐवजी ‘क’ येतो. ‘सेर’ किंवा ‘सिर’च्या आधी स्वर असेल तर सहसा ‘स्को’ होतं; व्यंजन असेल तर होत नाही, म्हणून बेन्सेर (जिंकणं) याचं साधं बेन्सो. स्वर असूनही नियम मोडणारी थोडी आहेत. आसेर आणि देसिर वर आलीच. कोसेर (शिजवणं) आणि मेसेर (झुलवणं) ही आणखी दोन.

आकृतीच्या बाहेर राहणारी सहा क्रियापदं मात्र सरळ पाठ करावी लागतात, आणि ती ओळखायची युक्ती सोपी आहे: त्यांच्या ‘मी’च्या रूपाच्या शेवटी ‘ओ’च नाही. सोय आणि एस्तोय (दोन्ही ‘मी आहे’), दोय (मी देतो), बोय (मी जातो), से (मला माहीत आहे) आणि पूर्ण भूतकाळात लागणारं सहायक ए. जिथे काढायला ‘ओ’ नाही, तिथे ‘आ’ लावायचा नियम चालत नाही. बोयचं बाया होतं, सेचं सेपा.

पाठ करायचं झालं तर एकटं रूप पाठ करू नका, तिघांची साखळी म्हणा: आगो, आसेस, आगा. पोंगो, पोनेस, पोंगा. मधलं रूप कानावर पडत राहिलं की ‘ग’ कुठे नाही हेही पक्कं होतं. आणि ही रूपं तुमच्या दिवसात मुबलक आहेत. सकाळी साल्गो दे कासा, घरातून निघतो. संध्याकाळी बेंगो आ कासा, घरी येतो. आगो ला सेना, रात्रीचं जेवण करतो. पोंगो ला मेसा, पानं घेतो. आज या चार वाक्यांपासून सुरुवात करा. बाकीची सहा पुढच्या आठवड्यात घ्या.