दीड मीटरची उडी

कॉलमचं शटरिंग उघडताना मी आधी तळाकडे बघतो. वरचा भाग बहुतेक वेळा गुळगुळीतच निघतो. दोष असला तर तो खालच्या फूटभरात असतो. पाक कमी पडलेल्या चिक्कीत शेंगदाणे जसे सुटे दिसतात, तशी तिथे खडी उघडी पडलेली असते आणि मधल्या पोकळीतून सळईही डोकावते. साइटवर याला हनीकोम म्हणतात. वरच्या सगळ्या मजल्यांचं ओझं याच फूटभरातून खाली पायात उतरतं.

हे का होतं, ते माल ओतताना वरून वाकून पाहिलं की कळतं. कॉंक्रीट म्हणजे सिमेंट-वाळूच्या लगद्यात धरून ठेवलेली खडी. चार मीटर उंच शटरच्या तोंडातून घमेलं उलटं केलं, की हा गोळा सळयांवर आणि रिंगांवर आपटत खाली जातो. लगदा चिकट असल्यामुळे लोखंडाला आणि पत्र्याला लागून वरच राहतो. खडी जड आणि टणक, ती उसळ्या घेत तळ गाठते. म्हणून पहिल्या काही घमेल्यांतून तळाशी जवळजवळ नुसती खडीच पोचते. मोकळ्या रुंद जागेत, कुठेही न आपटता सरळ पडलेलं कॉंक्रीट तेवढं फुटत नाही. खरा घात होतो तो वाटेतल्या आपटण्याने. कॉलमच्या पिंजऱ्यात मात्र ते टळत नाही. म्हणून आपल्या आयएस ४५६ या संहितेने साधारण मर्यादा घालून दिली आहे: कॉंक्रीट दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून मोकळं सोडू नये.

एक उदाहरण घेऊ. खाली दुकान आणि वर राहतं घर. दुकानाची उंची जास्त, त्यामुळे फुटिंगच्या माथ्यापासून तुळईच्या तळापर्यंत कॉलम ४.३ मीटर. माप ३०० बाय ४५० मिलिमीटर. एवढी उंची एकदम भरायची नाही. आधी १०० मिलिमीटरचा स्टार्टर, मग १.४ मीटरचे तीन टप्पे, की हिशोब बरोबर जुळतो. प्रत्येक टप्प्यात पहिलं घमेलंही १.४ मीटरच पडतं. एका टप्प्याला माल लागतो ०.१९ घनमीटर, म्हणजे एक : दीड : तीन या मिश्रणाचा सुमारे दीड पोत्याचा.

स्टार्टरकडे लोक 'छोटं काम' म्हणून बघतात, ते मला फार खटकतं. फुटिंगवर दोरीने मध्यरेषा मारून, कॉलमच्या नेमक्या मापाची चौकट बसवून केलेला हा चार इंची ओटा. वरचा पत्रा त्यालाच घट्ट आवळला जातो. स्टार्टर अर्धा इंच सरकला तर कॉलमही तेवढाच सरकतो. त्याच्या कडा सरळ असतील तर पत्रा चिकटून बसतो आणि खालून सिमेंटचं पाणी गळत नाही. हे गळणं हनीकोमचं दुसरं कारण आहे: लगदा फटीतून वाहून जातो, खडी मागे राहते. पण होतं काय, तर दिवस संपताना उरलेल्या मालात पाणी घालून, फावड्याने कालवून स्टार्टर भरतात, थापीने दाबतात आणि घरी जातात. भूकंपात कॉलमला वाकवणारा ताण सर्वांत जास्त येतो तो वर-खालच्या टोकांशी. नेमक्या त्या जागी सगळ्यांत कच्चं कॉंक्रीट! स्टार्टरला कॉलमचंच मिश्रण हवं, सळईने नीट ठासलेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर ओलं गोणपाट हवं. फुटिंगबरोबरच एकसंध भरता आला तर उत्तमच.

पत्रा चढवण्याआधी स्टार्टरचा माथा बघा. कॉंक्रीट बसताना पाणी वर येतं आणि सोबत सिमेंटची बारीक धूळ आणतं. वाळल्यावर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर राहतो, जो नखानेही निघतो. त्यावर नवं कॉंक्रीट धरत नाही. तारेच्या ब्रशने किंवा टोचणीने तो काढून खडीचे माथे दिसेपर्यंत पृष्ठभाग खरबरीत करायचा, धुवायचा आणि साचलेलं पाणी काढून टाकायचं. मग खडी वगळून, त्याच प्रमाणातला सिमेंट-वाळूचा घट्ट माल सेंटीमीटरभर पसरायचा. पहिली खडी त्यात रुतून बसते. बादलीभर पातळ सिमेंटचं पाणी ओतणं म्हणजे हे नव्हे. त्यात पाणीच जास्त असल्याने तो सांधा उलट कमजोर होतो.

१.४ मीटरचा टप्पा भरायचा चार थरांत, प्रत्येक थर ३५० मिलिमीटरचा. थर जाड झाला की तळातली हवा वर येऊ शकत नाही. प्रत्येक थरानंतर ४० मिलिमीटरची व्हायब्रेटरची सुई सरळ आणि झटकन खाली सोडायची, आधीच्या थरात १०० मिलिमीटरभर घुसू द्यायची, म्हणजे दोन थर एकजीव होतात. दहा-पंधरा सेकंदांत बुडबुडे थांबतात, माथ्यावर चकाकी येते. मग सुई हळूहळू ओढायची. ओढली तशी मागची पोकळी भरली पाहिजे. थर ओला असतानाच पुढचा यायला हवा, म्हणून अर्ध्या तासापेक्षा जास्त खंड नको. सुई सळईला टेकवून ठेवू नये, आणि एका कोपऱ्यात टाकलेला माल सुईने दुसऱ्या कोपऱ्यात ढकलूही नये. त्यात लगदा पुढे पळतो आणि खडी मागे राहते.

सळया वरपर्यंत उभ्या असल्यामुळे अर्ध्यावर माल ओतायला अडचण होते. तेव्हा टप्प्याच्या माथ्यावरच्या दोन-तीन रिंगा वर सरकवून जागा करतात. पुढचा पत्रा चढण्याआधी त्या मूळ जागी येऊन बांधल्या गेल्या का, हे स्वतः बघावं. एकदा पत्रा बसला की विचारून उपयोग नाही.

उभ्या बाजूचं शटरिंग साधारण १६ ते २४ तासांनी काढता येतं, त्यामुळे रोज एक टप्पा होतो. दुसऱ्या टप्प्याला वेगळा स्टार्टर लागत नाही. भरलेल्या कॉलमचा माथाच ते काम करतो: नवा पत्रा त्यावर १०० मिलिमीटर खाली उतरवून शिकंजे आवळायचे, ओळंबा लावायचा, माथ्यावरची साय पुन्हा काढायची. तीन वेळा शटरिंग नको असेल तर दुसरा मार्ग आहे. तीन बाजू पूर्ण उंचीच्या लावून चौथी बाजू फळीफळीने, माल चढेल तशी बंद करत न्यायची. किंवा पत्र्याला मध्यावर खिडकी ठेवायची, खालचा भाग तिथून भरून ती बंद करायची. पंप असेल तर त्याचा पाइप पिंजऱ्यात खाली सोडून भरत भरत वर घ्यायचा.

पत्रा निघाला की छोट्या हातोडीने कॉलम वाजवून बघा. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी बद येतो. तळाशी खडी दिसली तर मुकादम लगेच सिमेंटचा लेप घेऊन धावतो. त्याला तिथेच थांबवा. इंजिनिअरने बघेपर्यंत काही झाकायचं नाही. दोष वरवरचा असेल तर सुटी खडी टोचून काढून, टणक कॉंक्रीट लागेपर्यंत खोल जाऊन ती जागा भरता येते. सळईच्या मागेही पोकळी असेल तर लेप कामाचा नाही. तो टप्पा तोडून पुन्हा भरावा लागतो. दीड पोत्याचा टप्पा तोडायला अर्धा दिवस पुरतो. वर स्लॅब पडल्यावर त्याच कॉलमसाठी आधी अख्खा मजला टेकूंवर घ्यावा लागतो.