नापास लॉटची दोन पत्रं

चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर सकाळी टेंपो लागतो. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमधून 2000 पोलादी बुश आलेले असतात. बुश म्हणजे जाड भिंतीची, आरपार भोक असलेली नळी. त्या भोकातून पुढे शाफ्ट फिरायचा असतो. ड्रॉइंगवर भोकाचा व्यास 40 मिलिमीटर, कमीत कमी 40.000 आणि जास्तीत जास्त 40.025. म्हणजे सगळी मुभा मिळून 25 मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. हे उदाहरण समजुतीसाठी रचलेलं आहे, पण पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या औद्योगिक पट्ट्यांत काम केलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

दोन हजारही नग कुणी मोजत बसत नाही. नमुना किती घ्यायचा याचे तक्ते भारतीय मानक आय.एस. 2500 मध्ये दिलेले आहेत. 1201 ते 3200 नगांच्या लॉटसाठी नेहमीच्या पातळीची तपासणी असेल तर 125 नग काढायचे. उभयपक्षी ठरलेली स्वीकार्य पातळी एक टक्का असेल, तर त्यात 3 पर्यंत खराब निघाले तरी लॉट पास, 4 निघाले की नापास. वाहन उद्योगातले बरेच ग्राहक आता एकही खराब नग चालवून घेत नाहीत, पण आपण तक्त्याप्रमाणेच जाऊ. तपासनीस प्रत्येक भोकात प्लग गेज घालून बघतो. गेजचं ‘गो’ टोक आत जायला हवं, ‘नो-गो’ टोक अडायला हवं. 125 पैकी 11 बुशमध्ये ‘गो’ टोकच जात नाही. बोर गेजने मोजल्यावर आकडे येतात 39.991 ते 39.997. भोक लहान आहे. लॉट नापास.

इथून पुढचं काम कागदाचं आहे आणि ते घाईत बिघडतं. पत्र लिहायला घेण्याआधी तपासनिसाने स्वतःचं घर तपासावं. आपल्याकडचं ड्रॉइंग आणि पुरवठादाराकडचं ड्रॉइंग एकाच आवृत्तीचं आहे ना? गेजचं कॅलिब्रेशन मुदतीत आहे ना? टेंपोतून उतरलेला, उन्हात तापलेला माल तपासणीच्या खोलीत पुरेसा वेळ ठेवून खोलीच्या तापमानाला आला होता ना? यातल्या एका प्रश्नाचं उत्तर जरी ‘नाही’ असलं तरी पुरवठादार तेवढ्याच धाग्याला धरून सगळी तक्रार उसवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. दुसरीकडे स्टोअरमध्ये पडलेले आधीच्या लॉटचे बुश, असेंब्ली लाइनवर गेलेले बुश, हेही थांबवून बघावे लागतात. नापास लॉटवर लाल टॅग लावून तो कुलपाच्या जाळीत ठेवतात. टॅग नसलेली पेटी दुसऱ्या पाळीत कुणीतरी सरळ लाइनवर नेतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

मग पहिलं पत्र, म्हणजे रिजेक्शन नोट. तिचा विषय फक्त हा माल. चांगल्या नोटमधला मजकूर साधारण असा असतो: ‘आपल्या अमुक चलनाने आलेल्या 2000 बुशपैकी 125 तपासले. ड्रॉइंगनुसार भोकाचा व्यास 40.000 ते 40.025 हवा. 11 नगांत तो 39.991 ते 39.997 आढळला. मोजमाप अमुक क्रमांकाच्या बोर गेजने, त्याचं कॅलिब्रेशन अमुक तारखेपर्यंत वैध. खराब नग वेगळे ठेवले आहेत, ते येऊन पाहावेत. संपूर्ण लॉट नाकारण्यात येत आहे.’ पर्चेस ऑर्डरचा क्रमांक, पार्ट नंबर, ड्रॉइंगची आवृत्ती आणि पोलादाचा हीट नंबर वर असतोच. ‘आपला दर्जा दिवसेंदिवस खालावत आहे’ यासारखं वाक्य तिथे नको. ते मोजता येत नाही आणि त्यावर उत्तरही देता येत नाही. कारणाचा तर्कही नको. ‘आपलं टूल झिजलं असावं’ असं एकदा लिहिलं की पुरवठादार टूल बदलल्याचं बिल जोडून मोकळा होतो, आणि खरं कारण शोधायचं राहून जातं.

मालाचं पुढे काय, हेही याच नोटमध्ये ठरतं. परत पाठवायचा, पुरवठादाराच्या माणसांकडून एकेक नग निवडून घ्यायचा, दुरुस्त करून घ्यायचा की डेव्हिएशन देऊन आहे तसा वापरायचा. आपल्या उदाहरणात नशीब बरं आहे. भोक लहान आहे, तेव्हा होनिंग करून ते मोठं करता येईल. मोठं झालेलं असतं तर भंगारच. तरीही होनिंगला ग्राहकाची लेखी परवानगी लागते आणि त्यानंतर पुन्हा तपासणी लागते, कारण होनिंगने भोकाच्या आतल्या पृष्ठभागाचा पोतही बदलतो.

ही नोट वेळेत जाणं कायद्यानेही महत्त्वाचं आहे. 1930 च्या वस्तुविक्री कायद्यानुसार माल तपासायची वाजवी संधी खरेदीदाराला मिळालीच पाहिजे. पण वाजवी मुदत उलटेपर्यंत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असंच धरलं जातं. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल तर 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आणखी नेमकं सांगतो. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस, आणि पैसे देण्याची मुदत तिथूनच मोजायची. फोनवरची तक्रार ही लेखी हरकत नव्हे. उलट, महिनाभर माल वापरून बिल द्यायच्या वेळी रिजेक्शन काढणारे खरेदीदारही आहेत. तो दर्जाचा प्रश्न नसतो, उधारी लांबवायची युक्ती असते, आणि छोट्या वर्कशॉपवाल्यांना ती चांगली ओळखू येते.

दुसरं पत्र सुधारात्मक कारवाईच्या अहवालाची मागणी करतं. अनेक कंपन्यांत दोन्ही एकाच फॉर्मवर उरकतात, पण दोन्हींतले प्रश्न वेगळे आहेत. पहिलं पत्र या मालाचं काय ते विचारतं. दुसरं विचारतं की असा माल तयार कसा झाला, आणि झाला तो झाला, तुमच्या गेटबाहेर कसा पडला? या दोन प्रश्नांची दोन स्वतंत्र उत्तरं लागतात. वाहन उद्योगात यासाठी बहुधा ‘एट-डी’ नावाचा आठ पायऱ्यांचा नमुना वापरतात. फोर्ड कंपनीने 1987 मध्ये काढलेल्या पुस्तिकेतून तो पसरला. मुदती ग्राहकागणिक बदलतात. खराब माल अडवण्याची तात्पुरती तजवीज एकदोन दिवसांत कळवायची आणि मूळ कारणासाठी दहापंधरा दिवस, अशी साधारण रीत आहे.

पहिलं उत्तर काय येतं, ते या क्षेत्रातला कुणीही न वाचता सांगेल: ‘ऑपरेटरला समज दिली आहे. यापुढे शंभर टक्के तपासणी करू.’ हा अहवाल परत पाठवावा. समज दिल्याने भोकाचा व्यास बदलत नाही आणि शंभर टक्के तपासणी महिनाभरात बंद पडते. पत्रात आधीच लिहावं की कारण म्हणून माणसाचं नाव चालणार नाही, आणि कारण सिद्ध केल्याचा पुरावा जोडावा.

आपल्या बुशचं काय झालं असेल, ते आता बघू. पुरवठादाराने सगळे 2000 नग निवडले तेव्हा 183 खराब निघाले. सीएनसीवरच्या ऑपरेटरच्या तक्त्यात मात्र सगळी मापं 40.004 ते 40.010, म्हणजे अगदी योग्य. तक्ता खोटा भरला असा संशय येणं स्वाभाविक आहे, पण तो खोटा नव्हता. त्या पाळीत कूलंटची टाकी अर्ध्याखाली गेली होती, धार बारीक झाली होती आणि बुश मशीनमधून 65 अंशांच्या आसपास तापून बाहेर पडत होते. ऑपरेटर ते हातात येताच मोजत होता. गेज खोलीच्या, म्हणजे 35 अंशांच्या तापमानाला. पोलाद तापलं की भोक आकसेल असं अनेकांना वाटतं, पण भोकही मोठंच होतं. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती तापवतो ते याचसाठी. पोलादाची एक मीटर लांबी दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते. 40 मिलिमीटरच्या भोकासाठी 30 अंशांच्या फरकाने ही वाढ जवळपास 14 मायक्रॉन होते, म्हणजे निम्म्याहून जास्त मुभा उष्णतेतच गेली. ऑपरेटरला भोक मोठं दिसत होतं, म्हणून त्याने ऑफसेट कमी करून ते मधोमध आणलं. बुश थंड झाले आणि भोक 40 च्या खाली उतरलं.

हे झालं ‘तयार कसा झाला’ याचं उत्तर, तेही अर्धं. कूलंट कमी का झालं? उन्हाळ्यात पाणी जास्त उडतं. भरलं का नाही? पहिल्या पाळीत सेटर ते सवयीने भरत असे, दुसऱ्या पाळीत सेटरच नसतो, आणि हे काम कुणाच्याच यादीत लिहिलेलं नव्हतं. ‘का’ विचारत जाण्याची ही पद्धत टोयोटामुळे जगभर पोचली. ती पाच वेळाच विचारावी असं काही नाही, पण माणसापाशी थांबू नये.

आता ‘बाहेर कसा पडला’. पाठवण्याआधी वर्कशॉपने थंड बुश प्लग गेजने तपासले होते, आणि ते पास झाले होते. कारण तो गेज झिजला होता. हजारो भोकांतून फिरून ‘गो’ टोक बारीक होत जातं, आणि बारीक झालेलं टोक लहान भोकातही सुखाने जातं. त्याचं माप 39.990 निघालं. कॅलिब्रेशनची तारीख कधीच उलटून गेली होती.

कारण खरं की नुसतं पटण्यासारखं, हे ओळखायची एकच कसोटी मला पुरेशी वाटते: दोष मुद्दाम आणता आला पाहिजे आणि मुद्दाम घालवताही आला पाहिजे. कूलंटची धार कमी करून दहा बुश काढा, गरम असताना मोजा आणि तासाभराने पुन्हा मोजा. फरक 13-14 मायक्रॉन आला तर कारण सापडलं. दोनतीनच आला तर शोध चालू ठेवा. अशा दोन मोजण्यांचा तक्ता अहवालाला जोडलेला असेल तर तो अहवाल वाचण्यासारखा असतो.

उपायही मग आपोआप नेमके होतात. टाकीत पातळी खाली गेली की मशीन थांबवणारा फ्लोट स्विच. बुश खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय माप घ्यायचं नाही असा नियम, आणि त्यासाठी मशीनशेजारी एक रॅक. गेज तपासण्याची मुदत वापराच्या संख्येवर. अशाच तऱ्हेचं काम करणाऱ्या बाकीच्या मशीनवरही हेच. नगांवर पाळीची खूण करणंही त्यात हवं. ती आधीच असती तर 183 नगांसाठी 2000 चाळावे लागले नसते.

ग्राहकाने अहवाल आला म्हणून फाइल बंद करू नये. पुढचे निदान तीन लॉट कडक तपासणीतून जावेत आणि एकदा भोसरीला जाऊन तो फ्लोट स्विच खरोखर बसवला आहे का, तेही बघून यावं. शक्यतो दुसऱ्या पाळीत जावं.