सहा कंपन्या, पण क्षेत्रं किती?

ब्रोकरकडून उतरवलेल्या होल्डिंग स्टेटमेंटमध्ये प्रत्येक शेअरपुढे `Qty.`, `Avg. cost`, `LTP` असे रकाने असतात. यातला सरासरी खरेदीभाव लोक डोळे झाकून मानतात. तो येतो कुठून?

समजा, एचडीएफसी बँकेचे 20 शेअर 1,500 रुपयांना आणि नंतर 30 शेअर 1,700 ला घेतले. दोन भावांची नुसती सरासरी 1,600 येते, पण ती इथे चालत नाही. एकूण गेले 81,000, शेअर 50, म्हणून सरासरी 1,620. पुढे 20 शेअर विकले, की आकडा एकदम 1,700 होतो आणि माणूस चक्रावतो. विकून भाव वाढला कसा? डीमॅटमधला आधी आलेला शेअर आधी विकला गेला, असं प्राप्तिकर कायदा धरतो आणि बहुतेक ब्रोकरही तसाच हिशेब ठेवतात. 1,500 वाले गेले, उरले ते 1,700 चे.

ऑगस्ट 2025 मध्ये या बँकेने एकास एक बोनस दिला. आता शेअर 60 आणि सरासरी 850. मात्र भाव आधी उतरतो आणि बोनसचे शेअर खात्यात मागाहून येतात. मधल्या दिवसांत स्टेटमेंट उतरवलं, तर निम्मे पैसे बुडाल्यासारखे दिसतात. करासाठी हा 850 चा आकडा उपयोगाचा नाही. तिथे बोनस शेअरची किंमत शून्य आणि मूळ शेअरची 1,700 च राहते.

क्षेत्राचा रकाना बऱ्याच स्टेटमेंटमध्ये नसतोच. तो आपण भरायचा, आणि बेरीज करायची ती आजच्या मूल्याची. खरेदीच्या रकमेची नव्हे. 950 च्या भावाने एचडीएफसी बँकेचे 57,000 झाले. शिवाय आयसीआयसीआय बँक 40,000, स्टेट बँक 33,000, इन्फोसिस 30,000, हिंदुस्थान युनिलिव्हर आणि मारुती प्रत्येकी 20,000 धरू. एकूण दोन लाख. त्यात बँका 1,30,000, म्हणजे 65 टक्के. बाकीची तीन क्षेत्रं 15, 10 आणि 10 टक्क्यांवर.

या टक्क्यांचे वर्ग करून बेरीज घ्या:

```
65² + 15² + 10² + 10² = 4650
10000 / 4650 = 2.15
```

दिसायला चार क्षेत्रं, पण पैशांची विभागणी जेमतेम दोन समान क्षेत्रांइतकी. सहा कंपन्यांची यादी पाहून हे कळलं नसतं. अर्थात क्षेत्राची रेघ कुठे मारायची, यावर आकडा हलतो. सरकारी आणि खासगी बँका वेगळ्या धरल्या की तो सुधारतो. पण कर्जं बुडू लागली, तर फटका दोघींनाही बसतो. तेव्हा ही पळवाट काढू नये.

म्युच्युअल फंड या यादीत नसतील, तर त्यांतली बँकांची रक्कमही मिळवा. निफ्टी 50 च्या फंडात सर्वांत मोठा वाटा वित्तक्षेत्राचाच असतो.