रेस कमी केली की दिवा का विझतो?

मे महिन्यात कोरड्या रानात रोटाव्हेटर चालू आहे. ट्रॅक्टर पूर्ण रेसवर असताना डॅशबोर्डवर एअर फिल्टरचा दिवा लागतो. बांधाजवळ वळताना चालक रेस कमी करतो आणि दिवा विझतो. 'लागला होता, गेला' म्हणून काम पुढे चालू राहते. फिल्टर मात्र होता तसाच तुंबलेला असतो.

या दिव्याला धूळ दिसत नाही. तो फक्त हवेची ओढ मोजतो. फिल्टरकडून इंजिनकडे जाणाऱ्या नळीवर एक छोटा स्विच बसवलेला असतो. इंजिन हवा खेचते तेव्हा नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि फिल्टर जितका तुंबलेला, तितकी ही घट मोठी होते. साधारण 50 ते 60 सेंटीमीटर पाणी वर खेचता येईल इतकी ओढ झाली की स्विचमधला पडदा सरकतो आणि दिवा लागतो.

आता हिशेब करून पाहू. इंजिन 3 लिटरचे आहे आणि त्याला टर्बो नाही, असे धरू. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेते. म्हणजे 2000 आरपीएमला ते मिनिटाला सुमारे 3000 लिटर हवा ओढते, तर 800 आरपीएमला जेमतेम 1200 लिटर. हवा निम्म्याहून कमी झाली की ओढही निम्म्याखाली येते, पडदा मागे सरकतो आणि दिवा विझतो. म्हणून या दिव्याची परीक्षा पूर्ण रेसवर, कामाच्या वेळीच घ्यायची. तिथे तो लागला की फिल्टर तुंबला, हे पक्के समजायचे. काळा धूर, ओढीला कमी पडणारा ट्रॅक्टर आणि वाढलेला डिझेलचा खर्च ही त्याचीच पुढची लक्षणे.

अशा वेळी बाहेरचा कागदी फिल्टर काढून आतून बाहेर, कमी दाबाच्या हवेने साफ करतात. टायरवर आपटून धूळ झाडली तर कागदाच्या घड्या फाटू शकतात. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, तो थेट बदलायचा असतो.

दिव्याची मोठी मर्यादाही इथेच आहे. फाटलेल्या कागदातून हवा सहज जाते, ओढ वाढतच नाही आणि दिवा लागत नाही. इंजिनमध्ये मात्र माती जाऊन लायनर आणि रिंगा झिजत राहतात. म्हणून साफ केलेल्या फिल्टरच्या आत दिवा धरून बाहेरून बघावे. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर टाकून द्यावा. दिवा लागण्याआधीच रोज फिल्टर उघडण्याची सवयही घातक आहे. कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर आणखी बारीक धूळ अडवतो, आणि दर उघडझापीत थोडी माती आत पडण्याची भीती असते.

डिझेलमधल्या पाण्याचा दिवा वेगळ्या तत्त्वावर चालतो. डिझेलपेक्षा जड असल्याने पाणी फिल्टरच्या तळाच्या वाटीत साठते. तिथे विजेची दोन टोके असतात. डिझेलमधून वीज जवळजवळ वाहत नाही, पण क्षार विरघळलेल्या पाण्यातून वाहते. पाणी त्या टोकांपर्यंत चढले की दिवा लागतो. 50 अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना 1 जानेवारी 2023 पासून ट्रेम-4 निकष लागू झाल्यावर कॉमन रेल इंजिने वाढली. त्यांच्या इंजेक्टरमधले भाग अतिशय बारीक फटींवर बसवलेले असतात आणि त्यांना वंगण डिझेलच पुरवते. पाणी आले की वंगण जाते, गंज येतो आणि इंजेक्टरचा खर्च अंगावर येतो. त्यामुळे हा दिवा लागला की इंजिन बंद करून वाटीखालचा नळ सैल करावा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी सोडावे आणि नंतर हातपंपाने हवा काढावी. डिझेलमध्ये बारीक थेंबांनी मिसळून गेलेले पाणी मात्र या सेन्सरला कळत नाही. ते टाळायचे तर टाकी संध्याकाळी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचेच रात्री पाणी होते.

तासमीटरवरची सर्व्हिसची आठवण या दोन्हींहून निराळी. तिला ऑइलची अवस्था कळत नाही, ती फक्त तास मोजते. ठरलेले तास, बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये 250, भरले की ती पाना दाखवते. हे तास सावलीत ट्रॉली ओढण्यात गेले की फुफाट्यात रोटाव्हेटर फिरवण्यात, यात तिला फरक नाही. ऑइल न बदलता कोणी रीसेट केले, तर नवे ऑइल पडले असे समजून ती शून्यापासून मोजू लागते. म्हणून जुना ट्रॅक्टर घेताना किंवा भाड्याचा चालक बदलताना पाना दिसत नाही यावर विसंबू नये. ऑइल बदलले त्या दिवशीचा तासमीटरचा आकडा वहीत लिहिलेला असावा, आणि धुळीच्या कामाचे तास जास्त असतील तर पाना दिसायच्या आधीच ऑइल बदलून घ्यावे.