रमाला एक क्रेडिट, शुभांगीला दोन!

‘लक्ष्मी’ या नावात अक्षरं किती? पहिलीतलं पोर सांगेल, दोन: ल आणि क्ष्मी. मोबाइल कंपनीला विचारा, ती सात सांगेल. ल, क, हलन्त, ष, पुन्हा हलन्त, म आणि शेवटची वेलांटी. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सगळं तिच्या हिशेबात वेगवेगळं अक्षर. पेशंटना आठवणीचे मेसेज पाठवणाऱ्या दवाखान्याचं बिल या मोजणीवर ठरतं, आणि हे बहुतेकांना पहिलं बिल आल्यावरच कळतं.

आपल्याकडे अजून ‘नंबर लावणं’ हीच पद्धत. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये सकाळी कंपाउंडरच्या वहीत नाव लिहायचं, चहा पिऊन यायचं आणि ‘किती नंबर चालू आहे?’ असं विचारत बसायचं. आता त्या वहीच्या जागी हळूहळू एक लिंक येते आहे. लिंक उघडायची, मोकळी वेळ निवडायची, नाव टाकायचं, झालं. कॅलेंडली, कॅल डॉट कॉम, झोहो बुकिंग्ज, अगदी गूगल कॅलेंडरमध्येही ही सोय आहे. वही वीस रुपयांना मिळायची आणि तिच्यात कितीही नावं मावायची. या साधनांचे मात्र प्लॅन असतात, आणि प्लॅन तीन गोष्टी मोजतो: किती कॅलेंडरं जोडली, किती प्रकारच्या भेटी ठेवल्या आणि किती मेसेज गेले.

समजा, दातांच्या एक डॉक्टर मॅडम आहेत. सोमवार ते शुक्रवार नांदेडला, शनिवारी लातूरला. नेहमीच्या तपासणीला १५ मिनिटं, रूट कॅनलला ४५.

कॅलेंडर जोडणं म्हणजे काय?

मॅडमची कॅलेंडरं तीन. एक घरचं, एक दवाखान्याचं, एक त्या जिथे अधूनमधून जातात त्या इस्पितळाचं. हे लिहिताना कॅलेंडलीच्या फुकट प्लॅनमध्ये एकच कॅलेंडर जोडता येतं, त्याच्या वरच्या प्लॅनमध्ये सहा. कॅल डॉट कॉम हाच आकडा एकट्या माणसाकडून मोजतच नाही. दर आणि आकडे बदलत राहतात, पण जोडणीचे अर्थ दोनच असतात. एक ‘वाचायचं’ कॅलेंडर, म्हणजे इथे काम असेल तर ती वेळ कुणाला दाखवू नको. दुसरं ‘लिहायचं’, म्हणजे नवी भेट ठरली की ती इथे नोंदव. वाचायची कितीही असोत, लिहायचं एकच असतं.

काही जण इथे पैसे वाचवायला एक युक्ती करतात. इस्पितळाच्या कॅलेंडरची लिंक आपल्या गूगल कॅलेंडरमध्ये चिकटवायची, म्हणजे एका जोडणीत दोन कॅलेंडरं! दिसतात खरी दोन्ही. पण लिंकने आणलेलं कॅलेंडर गूगल काही तासांनी एकदा ताजं करतं. इस्पितळाने सकाळी दहाला टाकलेलं ऑपरेशन दुपारी उमटतं, आणि मधल्या वेळात तीच वेळ पेशंटला देऊन झालेली असते.

याहून मजेशीर खोड सुट्टीची आहे. गूगल कॅलेंडरमध्ये ‘दिवसभर’ अशी नोंद केली की ती आपोआप ‘मोकळा’ या खुणेने जाते. म्हणजे तुम्ही भावाच्या लग्नाचा अख्खा दिवस लिहून ठेवलात, कॅलेंडरवर वर रंगीत पट्टी दिसते आहे, आणि बुकिंगची लिंक मात्र आनंदाने सकाळी साडेदहा, पावणेअकरा, अकरा अशा वेळा वाटते आहे. त्या नोंदीत शिरून खूण ‘व्यग्र’ करायची, मगच दिवस बंद होतो. सणांचं तयार कॅलेंडर जोडलं तरी तेच. दिवाळी दिसते, पण वेळ अडत नाही.

सॉफ्टवेअरला अहमदपूर माहीत नाही

भेटीच्या प्रकाराला ही साधनं ‘इव्हेंट टाइप’ म्हणतात. हा निव्वळ साचा असतो: किती मिनिटं, कुठे, कोणत्या वारी, पेशंटला काय विचारायचं. कॅलेंडलीच्या फुकट प्लॅनमध्ये साचा एकच. गूगलच्या साध्या खात्यातही बुकिंगचं पान एकच. मॅडमना नांदेडचे दोन आणि लातूरचे दोन असे चार हवेत, म्हणजे फुकटाचा मार्ग इथेच खुंटला.

खरी गंमत चार साचे झाल्यावर सुरू होते. चारही साच्यांना सगळे वार खुले ठेवले, तर शनिवारी सकाळी नऊला कुणी नांदेडची वेळ घेईल आणि साडेदहाला कुणी लातूरची. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सगळं ठीक, कारण मध्ये तास-सव्वा तास रिकामा आहे. लोहा, माळेगाव, अहमदपूर ओलांडून लातूर गाठायला तीनेक तास लागतात, हे त्याला कोण सांगणार? माळेगावच्या यात्रेत तर किती लागतील ते खंडोबालाच ठाऊक.

मग कुणीतरी सुचवतं की लातूरच्या साच्याला तीन तासांचा ‘बफर’ लावा, म्हणजे भेटीआधी तीन तास रिकामे राहतील. हा उपाय करून बघावाच, हसायला येतं. बफर दिवसाच्या पहिल्या भेटीला लागत नाही, प्रत्येक भेटीला लागतो. अकराला एक पेशंट झाला की पुढचा दुपारी सव्वादोनला, त्याच्या पुढचा संध्याकाळी साडेपाचला. लातूरचा अख्खा शनिवार तीन दातांत संपला! बरोबर उपाय साधा आहे. नांदेडच्या साच्यांना सोमवार ते शुक्रवारचं वेळापत्रक, लातूरच्या साच्यांना फक्त शनिवारचं. बफर ठेवायचाच तर पाच-दहा मिनिटांचा, खुर्ची पुसण्यापुरता.

आता मेसेज

ईमेलची आठवण बहुतेक ठिकाणी वेगळी मोजत नाहीत. पण मुखेडहून येणारे आजोबा ईमेल उघडत नाहीत, म्हणून एसएमएस. आणि एसएमएस क्रेडिटवर चालतो. ‘एक मेसेज एक क्रेडिट’ असं वाटतं, पण खरं एकक असतं मेसेजचा तुकडा.

तुकडा केवढा? याची गोष्ट १९८५ची. जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रँड बॉनमध्ये टाइपरायटरवर सुचतील तशी वाक्यं बडवत बसला, अक्षरं मोजली आणि त्याचं मत झालं की माणसाला एवढ्यातेवढ्यासाठी १६० अक्षरं पुष्कळ झाली. एसएमएसच्या पोटात १४० बाइट मावतात, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून १६०. देवनागरीला प्रत्येक खुणेमागे १६ बिट लागतात, म्हणून ७०. लांबी त्याहून वाढली की मेसेजचे तुकडे पडतात, आणि ते पुन्हा जोडण्याची खूण प्रत्येक तुकड्यात थोडी जागा खाते. मग देवनागरीला तुकड्यामागे ६७च उरतात.

मॅडमचा मेसेज बघा:

‘नमस्कार, आपली वेळ उद्या सकाळी ११ वाजता लातूरच्या दवाखान्यात आहे.’

खुणा, मोकळ्या जागा, पूर्णविराम सगळं धरून ६४. एका क्रेडिटात बसला. मग मॅडमना वाटलं, शेवटी ‘येणार नसल्यास कळवा.’ हेही घालावं. झाले ८४, म्हणजे दोन क्रेडिटं. रोज २० पेशंट, महिन्याचे २५ दिवस, प्रत्येकाला आदल्या दिवशी एक आणि दोन तास आधी एक आठवण, असे महिन्याला हजार मेसेज. त्या तीन शब्दांनी हजार क्रेडिटांचे दोन हजार केले.

कात्री लावू या:

‘उद्या सकाळी ११ वाजता लातूरच्या दवाखान्यात या. जमत नसल्यास कळवा.’

हे ६३. नमस्कार गेला, पण हजार क्रेडिटं परत आली. ‘या’मध्ये आपुलकी पुरेशी आहे, असं माझं मत. आता पुढे पेशंटचं नाव आपोआप बसवायची सोय वापरली की शीर्षकातली भानगड होते. ‘रमा’ तीन खुणांची, स्वल्पविराम आणि जागा धरून पाच. एकूण ६८, एक क्रेडिट. ‘शुभांगी’ सात खुणांची, तेच धरून नऊ. एकूण ७२, दोन क्रेडिटं. महिन्याचा खर्च पेशंटांच्या आईवडिलांनी बारशाला काय ठरवलं त्यावर! नाव घालायचंच असेल तर वहीतलं सर्वांत लांब नाव टाकून मोजून बघावं.

याच्या उलटा घोळ इंग्रजी मेसेजमध्ये होतो. शंभर अक्षरांचा इंग्रजी मेसेज एका क्रेडिटात आरामात जातो. त्यात फीच्या आकड्याआधी ₹ ही खूण घाला. ती जुन्या सात बिटांच्या यादीत नाही, म्हणून अख्खा मेसेज १६ बिटांत जातो आणि दोन क्रेडिटं खातो. नावाआधी देवनागरीत ‘श्री’ लिहिलं तरी तेच. हात जोडल्याची 🙏 तर एकटी दोन खुणांची जागा घेते.

म्हणून काही दवाखाने मराठी मेसेज रोमन लिपीत पाठवतात. वरचा ६३चा मजकूर रोमनमध्ये शुभांगीच्या नावासकट ७८ होतो, आणि १६०च्या आत बसतो. फक्त ‘कळवा’ आणि ‘कालवा’ एकसारखे दिसतात, तेवढं आजीला समजून घ्यावं लागतं.

पण मराठी लांबलचक आहे म्हणून महाग पडते, असा समज करून घेऊ नका. लातूर मराठीत पाच खुणा, इंग्रजी स्पेलिंगही पाच अक्षरांचं. नांदेड इथेही सहा, तिथेही सहा. मुखेड, किनवट, औसा तर मराठीत एकेका खुणेने आखूड. माप दोन्हीकडे जवळपास सारखंच भरतं, फरक मापट्याचा आहे.

भारतात आणखी एक पायरी असते. दूरसंचार नियामकाच्या २०१८च्या नियमांनुसार व्यावसायिक मेसेज पाठवणाऱ्याला डीएलटी नावाच्या यंत्रणेत आपलं नाव, आपला सहा अक्षरी हेडर आणि मेसेजचा नेमका साचा नोंदवावा लागतो. नाव आणि वेळ बदलू शकते, बाकी शब्द नाहीत. म्हणजे वर जी कात्री चालवली ती नोंदणीआधीच चालवायची. नंतर एक शब्द बदलला की मेसेज वाटेतच अडतो, आणि बऱ्याच ठिकाणी क्रेडिट पाठवल्याबद्दल कापतात, पोचल्याबद्दल नाही. मेसेजमध्ये ‘वेळ बदलण्यासाठी इथे दाबा’ अशी लिंक असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून तीही आधी नोंदवलेली लागते. परदेशी साधनं अनेकदा इथेच अडखळतात.

व्हॉट्सअॅपवर हा खुणांचा हिशेब नाही. तिथे जुलै २०२५ पासून ठरलेल्या साच्याचा एक मेसेज म्हणजे एक आकार, मग तो मराठीत असो की इंग्रजीत. ‘नमस्कार’ही परत घालता येतो. पण मुखेडच्या आजोबांकडे बटनांचा फोन आहे. त्यामुळे एसएमएस पूर्ण सुटत नाहीच.

प्लॅन घेण्याआधी घरबसल्या एक चाचणी होते. क्रेडिटची शिल्लक लिहून ठेवायची, आपल्याच नंबरावर ठरवलेल्या मजकुराची आठवण लावायची, नाव टाकायचं शुभांगी, आणि मेसेज आल्यावर शिल्लक पुन्हा बघायची. दोनने कमी झाली असेल तर एक शब्द काढा आणि पुन्हा पाठवा.